थेंब पुरेनासे झाले, आता काचबिंदूचं कोणतं ऑपरेशन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचबिंदूचे दोन-तीन थेंब नियमित घालूनही डोळ्याचं प्रेशर उतरत नाही किंवा नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट बिघडत चालली आहे, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या घरच्यांसाठी हे पान आहे. ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

थेंब चालत नाहीत, हे नक्की कशावरून ठरवायचं?

आधी थेंब खरोखर डोळ्यात जातात का, ते बघायचं. आम्ही रुग्णाला बाटली हातात देतो आणि समोरच थेंब घालायला सांगतो. बरेचदा थेंब गालावर ओघळतो, पापणीवर पडतो, किंवा एकावर एक असे दोन औषधांचे थेंब लगेच घातले जातात आणि पहिला वाहून जातो. दोन औषधांत पाच मिनिटं ठेवली आणि थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरला, एवढ्यानंही काहींचं प्रेशर सुधारतं.

हे सगळं नीट होत असूनही प्रेशर ठरवलेल्या पातळीवर येत नसेल, तर शस्त्रक्रियेचं बोलायची वेळ झाली. प्रेशर बरं दिसतंय पण फील्ड टेस्ट आणि डोळ्यामागच्या नसेचा स्कॅन दर खेपेला थोडे खालावत असतील, तरीही तेच. तिसरं कारण म्हणजे थेंबच सोसत नाहीत. डोळे सतत लाल, पापण्यांना खाज, कातडी सुजलेली. तीन औषधांवर प्रेशर येत नसेल तर चौथ्यानं फार मोठा फरक पडत नाही, आणि ते करून बघण्यात गेलेले सहा महिने नस भरून देत नाही.

ऑपरेशननं गेलेली नजर परत येईल का?

नाही. काचबिंदूत डोळ्यामागची नस वाळते आणि वाळलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. हे ऑपरेशन उरलेली नजर राखण्यासाठी असतं. घरातल्या सगळ्यांना हे आधीच माहीत हवं, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी लख्ख दिसायला लागलेलं त्यांनी पाहिलेलं असतं आणि इथेही तेच होईल अशी त्यांची अपेक्षा असते. इथे उलट पहिले काही आठवडे धूसर दिसतं.

ट्रॅबेक्युलेक्टमी म्हणजे नेमकं काय करतात?

डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलीटर. बुबुळाच्या कडेला जाळीसारखा भाग आहे, तिथून तो बाहेर पडून रक्तात मिसळतो. काचबिंदूत ही वाट अडते. ट्रॅबेक्युलेक्टमीत, जिला डॉक्टर मंडळी नुसतं ट्रॅब म्हणतात, या जाळीला वगळून नवी वाट काढतात. केंब्रिजच्या केर्न्स यांनी ती १९६८ मध्ये मांडली. तंत्र पुष्कळ सुधारलं, तरी मूळ कल्पना तीच आहे.

वरच्या पापणीखाली डोळ्याचा पांढरा भाग असतो. त्यावरचं पातळ पारदर्शक आवरण आधी उचलतात. मग पांढऱ्या भिंतीत अर्ध्या जाडीचं, साधारण चार मिलिमीटर रुंदीचं एक झाकण कापतात. त्याची एक बाजू जोडलेलीच राहते. झाकणाखाली आरपार छोटं भोक पाडतात. आतला रंगीत पडदा त्या भोकात येऊन अडकू नये म्हणून त्याचा कडेचा बारीकसा तुकडा काढतात. झाकण पुन्हा बसवून केसापेक्षा बारीक नायलॉनचे दोन-चार टाके घालतात आणि वरचं आवरण पाणी झिरपणार नाही असं शिवून टाकतात. द्रव भोकातून निघतो, झाकणाच्या कडांनी झिरपतो आणि आवरणाखाली जमतो. तिथे जो मऊ फुगवटा तयार होतो त्याला ब्लेब म्हणतात. तो वरच्या पापणीखाली झाकलेला राहतो, समोरच्याला दिसत नाही.

डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन तो बधिर करतात. रुग्ण जागाच असतो. साधारण पाऊण ते एक तास लागतो.

भोक पाडलं की काम झालं ना? मग महिनाभर सारखं का बोलावतात?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. कान टोचल्यावर त्यात तार ठेवली नाही तर भोक आपोआप बुजतं. शरीराचा धर्मच आहे तो. डोळ्यातही शरीर ही नवी वाट जखम समजून भरून काढायला बघतं. ट्रॅब फसण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आवरणाखाली तयार होणारा हा व्रण.

तो रोखायला दोन गोष्टी करतात. ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन-सी नावाचं औषध स्पंजच्या बारीक तुकड्यांवर घेऊन आवरणाखाली दोन-तीन मिनिटं ठेवतात आणि मग भरपूर पाण्यानं धुऊन काढतात. काही सर्जन ते इंजेक्शननं देतात. दुसरी गोष्ट स्टिरॉइडचे थेंब. सुरुवातीला दर दोन तासांनी, मग हळूहळू कमी करत दोन-तीन महिने. बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या आठवड्यात हे थेंब बंद करणं म्हणजे स्वतःहून ब्लेब बुजवणं.

सारखं बोलावण्याचं कारण आणखी एक आहे. झाकणाचे टाके मुद्दाम थोडे घट्ट ठेवलेले असतात. सुरुवातीलाच सैल ठेवले तर डोळ्यातला द्रव एकदम निघून जाईल आणि डोळा लिबलिबीत पडेल. म्हणून पुढच्या आठवड्यांत प्रेशर बघत बघत एकेक टाका लेझरनं तोडतात किंवा ओढून काढतात. हे योग्य वेळी व्हावं लागतं. लवकर तोडला तर प्रेशर फार खाली जातं, फार उशीर झाला तर खालची वाट तोवर चिकटलेली असते. माझं स्पष्ट मत आहे: ज्यांना पहिले सहा आठवडे दर आठवड्याला येणं खरोखरच शक्य नाही, त्यांनी ते ऑपरेशनच्या आधी सांगावं. त्यावरून कोणतं ऑपरेशन करायचं हा निर्णय बदलू शकतो.

मग ते बारीक स्टेंट काय असतात? ते बसवले की ही सगळी कटकट टळते का?

‘स्टेंट’ या एका नावाखाली दोन वेगळ्या जातीची उपकरणं येतात. त्यांची गल्लत केली की पुढचं सगळं चुकतं.

पहिली जात नैसर्गिक वाटेतच बसते. जाळीच्या मागे डोळ्याभोवती एक गोल नलिका आहे, तिला श्लेमची नलिका म्हणतात. आय-स्टेंट हा टायटेनियमचा कण जाळीतून या नलिकेत खोचतात. त्याच्या नव्या प्रकारातला एक स्टेंट मिलिमीटरच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि असे दोन बसवतात. हायड्रस हा आठ मिलिमीटर लांबीचा लवचीक धातूचा सांगाडा असतो, तो नलिकेचा साधारण पाव भाग उघडा धरतो. बाहेर भोक नाही, ब्लेब नाही. बहुतेक वेळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये त्याच छेदातून तो बसवतात. जपणूक कमी, डोळा लवकर सावरतो.

पण याला एक मर्यादा आहे, आणि ती जाहिरातीत ठळक दिसत नाही. या नलिकेतलं पाणी शेवटी डोळ्याच्या बारीक शिरांत जातं आणि त्या शिरांचा स्वतःचा दाब ८ ते १० मिलिमीटर पारा असतो. शिवाय वाटेतला इतर अडसर तसाच राहतो. त्यामुळे प्रेशर बहुधा पंधरा-सोळाच्या आसपास थांबतं. ज्याला ११-१२ हवंय, त्याला हा स्टेंट तिथवर नेत नाही. बुबुळ आणि रंगीत पडदा जिथे मिळतात, तो जाळीपर्यंतचा कोन उघडा असावाही लागतो. आपल्याकडे कोन बंद असलेल्या काचबिंदूचे रुग्ण खूप आहेत. कोन चिकटलेला असेल तर हा स्टेंट बसवायला जागाच नसते. म्हणूनच डोळ्याला आरशाचं भिंग लावून कोन तपासतात, ती गोनिओस्कोपी झाल्याशिवाय कुणी स्टेंटचं नाव काढलं तर थांबून विचारा.

दुसरी जात ट्रॅबसारखीच बाहेर वाट काढते, फक्त भोकाऐवजी मोजमापाची नळी असते. झेन ही जिलेटिनची सहा मिलिमीटरची नळी, आतली पोकळी ४५ मायक्रॉन. प्रिझर्फ्लो साडेआठ मिलिमीटरची, पोकळी ७० मायक्रॉन. नळी इतकी अरुंद असल्यामुळे द्रव एकदम वाहून जाण्याचा धोका कमी होतो. पण फुगवटा इथेही तयार होतो, मायटोमायसिन इथेही लागतं, व्रण इथेही धरतो. फुगवटा मंदावला तर बारीक सुईनं आवरणाखालचे चिकटलेले धागे सोडवावे लागतात, आणि झेनमध्ये ते बरंच करावं लागतं. प्रिझर्फ्लो आणि ट्रॅब यांची सरळ तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचा वर्षभराचा निकाल २०२१ मध्ये आला. त्यात ठरवलेल्या निकषांवर प्रिझर्फ्लो साधारण ५४ टक्के आणि ट्रॅब ७३ टक्के यशस्वी ठरली. डोळा फार मऊ पडण्याचं प्रमाण मात्र ट्रॅबमध्ये जास्त होतं. एकीकडे जास्त परिणाम, दुसरीकडे जास्त सुरक्षितता, असा हा व्यवहार आहे.

ही सगळी उपकरणं प्रत्येक शहरात मिळतातच असं नाही. आपल्या सर्जननं स्वतः कोणती बसवली आहेत ते विचारायला संकोच करू नका.

नवीन आहे म्हणजे चांगलंच असेल ना?

सायपास नावाचा एक स्टेंट होता. दोन वर्षांचे निकाल चांगले होते, म्हणून त्याला मान्यता मिळाली. पाच वर्षांच्या तपासणीत लक्षात आलं, की काही डोळ्यांत बुबुळाच्या आतल्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त कमी होत आहेत. २०१८ मध्ये कंपनीनं तो बाजारातून मागे घेतला. डोळ्यातलं उपकरण जन्मभर राहायचं असतं, म्हणून ‘पाच वर्षांनंतर काय होतं हे माहीत आहे का?’ असं विचारणारा रुग्ण मला शहाणा वाटतो.

एकाच माणसाच्या दोन डोळ्यांना वेगळी ऑपरेशनं कशी काय सांगतात?

नेहमी दिसणाऱ्या प्रकारांवरून रचलेलं एक उदाहरण घेऊ. साठी ओलांडलेले निवृत्त एसटी वाहक. दोन्ही डोळ्यांत उघड्या कोनाचा काचबिंदू, दोन्हीकडे थेंब सुरू. उजव्या डोळ्यात तीन औषधांवर प्रेशर २४, नस बरीच वाळलेली, फील्ड टेस्टमधला काळा डाग मध्यभागाच्या जवळ आलेला. डाव्यात दोन औषधांवर १८, नुकसान सुरुवातीचं, पण मोतीबिंदू वाचायला आड येतोय.

उजव्या डोळ्याला १२ च्या आसपास प्रेशर हवं. तिथे नलिकेतला स्टेंट पुरणार नाही, म्हणून ट्रॅब. डाव्याला १५-१६ पुरेल आणि मोतीबिंदू काढायचाच आहे, म्हणून त्याच वेळी नलिकेतला स्टेंट. आधी उजवा, कारण धोका तिथे आहे.

ट्रॅबच्या दुसऱ्या दिवशी प्रेशर ७, फुगवटा छान, नजर ६/९ वरून ६/२४. घरचे घाबरतात, पण हे अपेक्षितच आहे. आठव्या दिवशी प्रेशर २३ आणि फुगवटा बसलेला. डॉक्टर बोटानं हलकं दाबून बघतात, फुगवटा थोडा भरतो. म्हणजे वाट खुली आहे, टाका घट्ट आहे. लेझरनं एक टाका तोडतात, तासाभरानं प्रेशर १३. चौथ्या आठवड्यात फुगवट्यावर लाल बारीक शिरा दिसायला लागतात, प्रेशर १८. व्रण धरू लागल्याची ही खूण. फुगवट्याशेजारी व्रण रोखणाऱ्या फाइव्ह-एफयू या औषधाचं इंजेक्शन आणि स्टिरॉइडचे थेंब पुन्हा वाढवतात. तीन महिन्यांनी एकाही काचबिंदूच्या थेंबाशिवाय प्रेशर १२. नजर ६/९ वर परत, चष्म्याचा नंबर मात्र बदललेला. नवा चष्मा या टप्प्यावरच करायचा, आधी केला तर पैसे वाया.

डाव्या डोळ्याला चौथ्या महिन्यात मोतीबिंदू आणि स्टेंट. आठवड्याभरात वाचता येतं. प्रेशर एका थेंबावर १५. इथे थेंब पूर्ण सुटले नाहीत, तरी हे अपयश नाही. हवं ते प्रेशर मिळालं आणि औषध निम्म्यावर आलं.

मधल्या काळात घडणारी एक चूक सांगतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचे काचबिंदूचे थेंब बंद करायला सांगतात, आणि रुग्ण दोन्ही डोळ्यांचे बंद करतो. डोळ्याचं प्रेशर उतरवणारी तोंडानं घ्यायची गोळीही चालू असेल, तर ती बंद झाल्यावर दुसऱ्या डोळ्याचं प्रेशर आणखी वर जातं. घरी जाताना दोन डोळ्यांची दोन वेगळी यादी लिहून घ्या.

ट्रॅबमध्ये काय बिघडू शकतं?

सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेक अडचणी प्रेशर फार कमी झाल्यानं होतात. डोळा मऊ पडतो, आतल्या थरांत पाणी साचतं, कडेनं सावली आल्यासारखं वाटतं. बऱ्याचदा थेंब बदलून आणि वाट बघून हे निस्तरतं. क्वचित आत रक्तस्राव होतो. तेव्हा अचानक तीव्र दुखतं आणि नजर जाते. तो धोका टाळण्यासाठीच डोळा मऊ असताना वाकणं, जड उचलणं, शौचाला कुंथणं वर्ज्य सांगतात. बद्धकोष्ठतेचा त्रास असेल तर आधीच औषध मागून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोळ्याच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

कधी आवरणाच्या शिवणीतून पाणी झिरपतं. ते बघायला डॉक्टर केशरी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. गळती असेल तर रंगाच्या थरातून हिरवट ओघळ उतरताना दिसतो.

ज्यांची नजर मध्यावरच्या छोट्या बेटापुरती उरली आहे, त्यांच्यात क्वचित ऑपरेशननंतर तीही जाऊ शकते. हे ऐकायला कठीण आहे, पण सही करण्याआधी यावर बोलणं झालंच पाहिजे. मोतीबिंदू लवकर वाढणं मात्र नेहमीचं, आणि त्यावर उपाय आहे.

एवढे धोके असतील तर थेंबच चालू ठेवले तर?

ब्रिटनमधल्या २७ रुग्णालयांत ४५३ रुग्णांची टॅग्ज नावाची चाचणी झाली. निदानाच्या वेळीच काचबिंदू पुढे गेलेले हे रुग्ण. निम्म्यांना सुरुवातीलाच ट्रॅब, निम्म्यांना थेंब. दोन वर्षांनी सरासरी प्रेशर ट्रॅबवाल्यांचं १२.४, थेंबवाल्यांचं १५.१. रोजच्या जगण्यात दोन्ही गट सारखेच होते, म्हणजे ऑपरेशनमुळे माणसं जास्त हैराण झाली असं दिसलं नाही. पुढे गेलेल्या काचबिंदूत ऑपरेशन सतत पुढे ढकलणं हा सुरक्षित पर्याय आहे, असं मी म्हणणार नाही.

मधुमेहामुळे काचबिंदू झालाय किंवा आधीची ट्रॅब बुजली आहे. आता?

अशा डोळ्यांत साधारणपणे मोठी नळी बसवतात. नळीचं एक टोक डोळ्यात आणि दुसरं मागे पांढऱ्या भागावर शिवलेल्या चकतीला जोडलेलं. अहमद व्हॉल्व्ह त्यातलाच. मदुराईच्या ऑरोलॅबनं बनवलेली आडी ही नळी परवडणारी असल्यामुळे आपल्याकडे बरीच वापरली जाते. तिला झडप नाही, म्हणून सुरुवातीला नळी विरघळणाऱ्या दोऱ्यानं बांधून ठेवतात. दोरा पाच-सहा आठवड्यांत सुटतो आणि प्रेशर एकदम उतरतं. तोवर थेंब चालूच ठेवायचे. त्या आठवड्यात गावी जाऊ नका, तपासणीची तारीख चुकवू नका.

खर्चाचं काय?

ट्रॅबला कुठलंही उपकरण लागत नाही, म्हणून ती सर्वांत स्वस्त. स्टेंट बहुतेक आयात केलेले, त्यांची किंमत ऑपरेशनच्या फीवर वेगळी. विमा असेल तर स्टेंटच्या नावासकट लेखी पूर्वमंजुरी घ्या, नाहीतर ऑपरेशन मंजूर आणि स्टेंट नामंजूर असं होतं. महात्मा फुले जनआरोग्य किंवा आयुष्मान योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

घरी किती दिवस जपायचं?

पहिला महिना डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोकं मागे करून दुसऱ्याकडून धुऊन घ्यायचं. रात्री प्लास्टिकची ढाल लावायची. डोळा चोळायचा नाही, आणि ब्लेब असेल तर कधीच नाही. शीर्षासन काचबिंदूच्या रुग्णानं करूच नये, त्यात प्रेशर झपाट्यानं वाढतं. रंगपंचमी आणि विसर्जनाच्या गुलालापासून ब्लेबवाल्या माणसानं दरवर्षी लांब राहिलेलं बरं. नदीत किंवा तलावात बुडी मारणंही बंद.

ऑपरेशनला बरीच वर्षं झाली, सगळं ठीक आहे. तरी काही लक्ष ठेवायचं का?

ब्लेब असेल तर हो. त्यावरचं आवरण पातळ असतं आणि जंतू कितीही वर्षांनी आत शिरू शकतात. डोळा लाल होणं, दुखणं, उजेड न सोसणं, नजर धूसर होणं, पू येणं, यातलं एकही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. ‘डोळे आलेत’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणून दोन दिवस वाट बघण्यात डोळा गमावता येतो. डॉक्टर नवे असतील तर पहिलंच वाक्य हे सांगा: ‘या डोळ्यात काचबिंदूचं ऑपरेशन झालंय, वर ब्लेब आहे.’ मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी जाताना ऑपरेशनचा कागद, शेवटची फील्ड टेस्ट आणि स्टेंटचं कार्ड बरोबर ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तेच कार्ड आधी तिथल्या तंत्रज्ञाला दाखवायचं.